रनिंग काउंट आणि पैज

“ब्लॅकजॅकमध्ये पत्ते मोजायच्या हाय-लो पद्धतीत रनिंग काउंट +6 झाला की मोठी पैज लावायची, बरोबर ना?”

नाही, आधी शूमध्ये, म्हणजे पत्ते वाटायच्या पेटीत, किती पत्ते उरलेत ते पाहावं लागतं. रनिंग काउंट म्हणजे पडलेल्या पत्त्यांची चालू बेरीज: 2 ते 6 ला +1, दश्शी, चित्रं आणि एक्क्याला -1 धरलं, तर +6 चा अर्थ एवढाच, की उरलेल्या पत्त्यांत लहानांपेक्षा मोठे सहा जास्त आहेत. सहा डेकच्या शूमध्ये पाच डेक बाकी असतील, तर हे सहा 260 पत्त्यांत विखुरलेले असतात: रनिंग काउंटला उरलेल्या डेकनी भागलं की ट्रू काउंट मिळतो, इथे 6 ÷ 5, म्हणजे जेमतेम +1. दीड डेक उरला असेल तर तेच सहा 78 पत्त्यांत असतात, आणि ट्रू काउंट +4 होतो.

ट्रू काउंटच्या प्रत्येक अंकाने साधारण अर्धा टक्का फायदा आपल्याकडे सरकतो. पहिला अंक बहुतेक कॅसिनोचा फायदा फेडण्यातच जातो. म्हणून ट्रू काउंटमधून एक वजा करून तेवढी एककं लावतात: +4 ला तीन, +1 ला किमान पैज. तरी +4 लाही आघाडी दीड टक्क्याचीच, सलग दहा डाव हरता येतात.

घरी सहा डेक पिसून बघा. चुकतं ते बहुधा टाकलेल्या ढिगाचा अंदाज घेताना. अर्धा, एक, दीड डेकच्या चळती शेजारी ठेवून नजर बसवा. यंत्र पत्ते सतत पिसत असेल, तिथे मात्र हे गणित चालतच नाही.