नाताळचा गोठा: गव्हाण आधी, बाळ नंतर

दरवर्षी 18-20 डिसेंबरच्या सुमाराला शेजारपाजारचे, ऑफिसातले लोक घरी येतात, गोठा बघतात, आणि कुणीतरी विचारतंच की अहो सगळे आहेत, मारिया आहे, जोसेफ आहे, मेंढरं आहेत, पण बाळ कुठंय? विसरलात की काय? विसरलेलो नसतो. बाळ येशू कपाटात कापसात गुंडाळून ठेवलेला असतो आणि 24 च्या रात्रीपर्यंत गव्हाण रिकामीच राहते, आमच्या वसईत बहुतेक घरी असंच चालतं. पण ती रिकामी का ठेवायची हे नीट सांगायचं तर आठशे वर्षं मागे जावं लागतं, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

आधी शब्दाबद्दल. आपण गोठा म्हणतो, गोव्यात गोठो म्हणतात, पण इटलीत ज्याला प्रेझेपे म्हणतात आणि पोर्तुगीजमध्ये प्रेझेपिओ, त्या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधली जनावरांची गव्हाण आहे. फ्रेंच क्रेश आणि इंग्रजी क्रिब हे शब्दसुद्धा मुळात गव्हाणीचेच. म्हणजे एवढ्या भाषांनी सगळ्या देखाव्याला नाव दिलं ते त्यातल्या एका वस्तूवरून, आणि ती वस्तू म्हणजे बाळ नाही, छप्पर नाही, तर गुरांना वैरण घालायची जागा. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात एवढंच आहे की मारियेने बाळाला बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं कारण उतारशाळेत जागा नव्हती. गोठ्याचा उल्लेख तिथे नाहीच, गव्हाण आहे म्हणून गोठा असणार असं लोकांनी धरलं.

आता ग्रेच्चो. मध्य इटलीतलं डोंगरातलं छोटं गाव, साल 1223. असिसीचा संत फ्रान्सिस तिथे होता आणि नाताळच्या साधारण पंधरा दिवस आधी त्याने जोव्हान्नी नावाच्या तिथल्या एका मानकऱ्याला बोलावून सांगितलं की मला बेथलेहेमच्या बाळाचे हाल या डोळ्यांनी बघायचेत, तेव्हा एक गव्हाण आण, त्यात गवत घाल, आणि बैल नि गाढव आणून बाजूला उभे कर. हा सगळा प्रसंग त्याचा चरित्रकार थॉमस ऑफ चेलानो याने पाच-सहा वर्षांतच लिहून ठेवला, त्यामुळे बाकी दंतकथांपेक्षा याचा पाया पक्का आहे. रात्री आजूबाजूचे लोक मशाली नि मेणबत्त्या घेऊन डोंगरात आले, गव्हाणीवरच मिस्सा, म्हणजे चर्चमधली भाकरी-द्राक्षरसाची मुख्य उपासना, झाली, फ्रान्सिस धर्मगुरू नव्हता, त्याच्या खालच्या पायरीवरचा डीकन होता, म्हणून त्याने शुभवर्तमान गाऊन प्रवचन केलं.

आणि यात नीट बघा काय नव्हतं. मारियेचा पुतळा नव्हता, जोसेफचा नव्हता, बाळाचा तर नव्हताच. चेलानो लिहितो की तिथल्या एका माणसाला गव्हाणीत एक निपचित बाळ दिसलं आणि फ्रान्सिसने जवळ जाऊन त्याला गाढ झोपेतून उठवावं तसं जागं केलं. बाकीच्यांना फक्त गवत दिसत होतं, आणि त्या गवतावर चाललेली मिस्सा. हे लोकांना सुचलं ते उगाच नाही, बेथलेहेम या हिब्रू नावाचा अर्थ भाकरीचं घर असा आहे, गव्हाण म्हणजे खाण्याची जागा, आणि मिस्सेत आपण ख्रिस्तशरीर भाकरीच्या रूपात घेतो, तेव्हा गव्हाण आणि वेदी एकच झाली. मला वाटतं हे एकदा कळलं की रिकामी गव्हाण अर्धवट वाटत नाही, सुरुवातच तिथून झालीय.

मूर्ती मग आल्या. रोमच्या सांता मारिया माज्जोरे चर्चमध्ये 1291 च्या आसपास आर्नोल्फो दी कांबियोने केलेल्या संगमरवरी मूर्ती अजून आहेत. पुढे चर्चमधले देखावे मोठे होत गेले, नेपल्समध्ये अठराव्या शतकात तर बाजार, खानावळ, मासेवाला सगळंच आलं. घराघरात गोठा पोचायला मात्र वेगळीच कारणं झाली. ऑस्ट्रियात सम्राट दुसऱ्या जोसेफच्या काळात 1782 मध्ये चर्चमधल्या देखाव्यांवर बंदी आली, आणि फ्रान्समध्ये राज्यक्रांतीत चर्चच बंद झाली, तेव्हा लोकांनी ते घरात करायला घेतलं. मार्सेयच्या लान्येल नावाच्या कारागिराने साच्यातून छोट्या मातीच्या मूर्ती काढायला सुरुवात केली, त्या गरिबाला परवडणाऱ्या होत्या, त्यांना सांतों म्हणतात. बंदीमुळे चर्चमधली वस्तू घरच्या टेबलावर आली हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आता मूर्ती कोणत्या आणि का. बैल आणि गाढव हे लूक आणि मत्तय या दोन शुभवर्तमानांतल्या जन्मकथेत नाहीत. ते बायबलच्या जुन्या करारातल्या यशयाच्या पुस्तकातून आलेत, तिथे म्हटलंय की बैलाला आपला धनी कळतो, गाढवाला आपल्या धन्याची गव्हाण कळते, पण माझ्या लोकांना कळत नाही. परत गव्हाणच! चौथ्या शतकातल्या काही ख्रिस्ती शवपेट्यांवर तर फक्त बाळ, बैल आणि गाढव कोरलेत, मारियासुद्धा नाही. आपल्याकडच्या सेटमध्ये बैलाच्या जागी सर्रास गाय असते, त्यात काही बिघडत नाही, पण गाढव काढून तिथे दुसरी गाय ठेवली की यशयाचं ते वाक्य पुसलं जातं, म्हणून गाढव फुटलं तर वेगळं शोधून आणा. मारिया गुडघ्यांवर, हात जोडलेली असते ना, तीही पूर्वी तशी नव्हती, जुन्या चित्रांत ती बाळंतिणीसारखी अंथरुणावर पडलेली दिसते. चौदाव्या शतकात स्वीडनच्या संत ब्रिजिटने बेथलेहेममध्ये झालेल्या दर्शनाचं वर्णन केलं की मारिया गुडघे टेकून होती आणि बाळातून एवढा उजेड येत होता की जोसेफने आणलेली मेणबत्ती फिकी पडली. चित्रकारांनी ते उचललं, आणि जोसेफच्या हातात कंदील असतो तो बहुतेक तिथूनच.

घरी करायचं म्हणाल तर आमच्याकडे नाचणीपासून सुरू होतं, मूर्तींपासून नाही. 11-12 डिसेंबरला नाचणी रात्रभर भिजवायची आणि दुसऱ्या दिवशी पसरट ट्रेमध्ये इंचभर मातीवर दाट पेरायची, तीन-चार दिवसांत कोंब येतात आणि 24 पर्यंत तीनेक इंचांची हिरवीगार शेतं तयार. फार आधी पेरली की नाताळच्या दिवशी पिवळी पडून आडवी होते. उशीर झाला असेल तर गहू पेरा, तो लवकर वाढतो. ट्रे खिडकीशी ठेवला की सगळे कोंब एका बाजूला कलतात, म्हणून रोज फिरवायचा, आणि पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही, ओतलं की बुळबुळीत बुरशी धरते आणि वास यायला लागतो, तेव्हा समजायचं की पाणी जास्त झालं. डोंगर आणि गुहेसाठी जाड खाकी कागद चुरगाळून रंगवायचा, छपराला भाताचा पेंढा. पेंढा एकदम सुका असतो, म्हणून जुने तापणारे बल्ब किंवा मेणबत्ती त्याच्याजवळ नकोच, एलईडीची माळ लावा. मूर्ती प्लास्टरच्या असतील तर ओल्या ट्रेवर थेट ठेवू नका, खालून ओल चढते आणि रंगाचे पापुद्रे निघतात, प्लास्टिकचा तुकडा घाला. लहान मेंढरं मागे डोंगरावर, मोठी पुढे, म्हणजे आपोआप लांबवर पसरल्यासारखं दिसतं.

एक अडचण नेहमी येते. क्रॉफर्ड मार्केटला किंवा वांद्र्याच्या हिल रोडवर स्वस्त सेट मिळतात त्यात बाळ आणि गव्हाण एकच तुकडा असतो, बाळ सुटं होतच नाही. आमच्या पहिल्या सेटचं तेच झालं. आई म्हणाली, अरे मग तो पूर्ण तुकडाच काढून ठेव, आईस्क्रीमच्या काड्यांची छोटी गव्हाण कर, त्यात पेंढा घाल. 24 ला काड्यांची गव्हाण उचलायची आणि तिचा पेंढा त्या जागी खाली अंथरून त्यावर बाळाचा तो पूर्ण तुकडा ठेवायचा. सेट बदलला तरी काड्यांची गव्हाण अजून तीच आहे. आगमनकाळात, म्हणजे नाताळच्या आधीच्या चारेक आठवड्यांत, घरातल्या पोरांनी रोज काहीतरी चांगलं केलं की एक काडी पेंढा गव्हाणीत टाकायचा अशीही पद्धत पुष्कळ घरी आहे, 24 पर्यंत बाळासाठी मऊ बिछाना होतो.

बाळ नक्की कधी ठेवायचं? नाताळची मिस्सा झाली की. मध्यरात्रीच्या मिस्सेहून घरी आलो की कपडे न बदलता सगळे गोठ्यापुढे उभे राहतो, कुणीतरी लूकचा दुसरा अध्याय वाचतं, घरातलं सगळ्यात लहान मूल बाळाला ठेवतं, मग दिव्यांची माळ लावायची. तान्हं पोर असेल तर त्याचा हात धरून ठेवायचं. आता बऱ्याच ठिकाणी मिस्सा संध्याकाळी लवकर होते, तर लोक विचारतात की बारापर्यंत थांबायचं का, तर थांबलात तर छान, पण मुलं पेंगून झोपणार असतील तर मिस्सेनंतर लगेच ठेवा, मुलांशिवाय ठेवण्यात काय मजा. रोममध्ये आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी मुलं घरच्या गोठ्यातलं बाळ चौकात घेऊन येतात आणि पोप त्यावर आशीर्वाद देतात, म्हणजे तिथेही बाळ त्या दिवसापर्यंत गव्हाणीत नसतंच.

तीन राजांची घाई मात्र सगळेच करतात. मत्तयच्या शुभवर्तमानात ते मागी आहेत, ज्ञानी लोक, आणि आकडाही दिलेला नाही, सोनं, ऊद आणि गंधरस अशा तीन भेटी म्हणून माणसंही तीन झाली. शिवाय ते घरात येतात, गव्हाणीपाशी नाही, म्हणजे मेंढपाळांच्या नंतर. म्हणून आम्ही 25 ला त्यांना टीव्हीच्या टेबलावर ठेवतो, खिडकीवर, मग फ्रिजवर, असं रोज थोडं पुढे, आणि 6 जानेवारीला ते गोठ्यात पोचतात. गोव्यात चांदोर, कासावली आणि रेइश मागुशला त्या दिवशी राजांचा सण जोरात असतो, तीन मुलगे राजे होऊन निघतात.

जानेवारीतला प्रभूच्या बाप्तिस्म्याचा रविवार झाला की गोठा उतरवायचा, काही जण 2 फेब्रुवारीपर्यंत ठेवतात. मूर्ती वर्तमानपत्रात गुंडाळून, बाळ वेगळं कापसात. चेलानोने लिहून ठेवलंय की ग्रेच्चोच्या त्या गव्हाणीतलं गवत लोकांनी जपून ठेवलं आणि आजारी गुरांना खायला घातलं. आमच्या पेंढ्याचं आणि उरलेल्या नाचणीचं तेच होतं, गल्लीच्या टोकाला ज्यांची म्हैस आहे त्यांच्याकडे ट्रे नेऊन द्यायचा, ती पाच मिनिटांत साफ करते.