लसीची देय तारीख: कापडी पिशवीपासून पडद्यावरच्या लाल रकान्यापर्यंत

ऊसतोडणीचा हंगाम सुरू झाला की वाळवा आणि कराड तालुक्यांत फडाशेजारी कोप्या उभ्या राहतात आणि मराठवाड्यातून आलेल्या टोळ्यांबरोबर काही महिन्यांची तान्ही मुलेही येतात. अशा मुलाचे लसीकरण कार्ड हाती घेतल्यावर आरोग्यसेविकेला पहिला प्रश्न पडतो तो आज त्याचा कोणता डोस देय आहे आणि कोणता राहून गेला आहे, हा. जन्मतारखेवरून त्याचे उत्तर आपोआप काढून देणारी नोंद आज संगणकावर मिळते. मात्र तिच्यातला हिशेब जुना आहे, आणि तो कागदावर कसा होत होता हे पाहिल्याशिवाय तिच्या चुका लक्षात येत नाहीत.

भारतात विस्तारित लसीकरण कार्यक्रम 1978 मध्ये आणि सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम 1985 मध्ये सुरू झाला. उपकेंद्रावर देय तारखा सांभाळण्याचे साधन होते ते महिन्यांच्या कप्प्यांची कापडी पिशवी. कार्डाचा एक भाग आईकडे राहत असे आणि दुसरा, पुढचा डोस ज्या महिन्यात देय असेल त्या कप्प्यात जात असे. महिना संपल्यावरही कप्प्यात जी कार्डे उरत, ती राहिलेली मुले. ही पद्धत मला आजही फार शहाणपणाची वाटते, कारण पुढचा कप्पा प्रत्यक्ष डोस दिल्यानंतरच ठरत असे आणि उशिरा आलेल्या मुलाची पुढची तारीख आपोआप पुढे सरकत असे.

2009 पासून माता-बालकांची नावानिशी संगणकीय नोंद सुरू झाली आणि 2023 मध्ये लसीकरणाची ऑनलाइन नोंद ठेवणाऱ्या यू-विन या सरकारी व्यवस्थेची चाचणी काही निवडक जिल्ह्यांत सुरू झाली. याच काळात अनेकांनी आपापल्या सोयीसाठी संगणकावरच्या साध्या तक्त्यांतही यादी ठेवायला सुरुवात केली. जन्मतारीख लिहायची, तिच्यात 42, 70 आणि 98 दिवस मिळवायचे आणि तारीख उलटली की रकाना लाल करायचा, एवढेच त्या तक्त्याचे काम. पाच रोगांपासून संरक्षण देणाऱ्या पेंटाव्हॅलंट लसीचे तीन डोस 6, 10 आणि 14 आठवड्यांना असतात, म्हणून हे आकडे. बोलण्यात आपण दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांची लस म्हणतो, पण महिन्यांनी मोजले तर तिसऱ्या डोसाला आठवड्याहून अधिक फरक पडतो.

एक उदाहरण घेऊ. मूल 3 ऑक्टोबर 2024 रोजी जन्मले. पहिला डोस 14 नोव्हेंबरला देय होता, परंतु त्या सुमारास कुटुंब प्रवासात असल्याने तो 12 डिसेंबरला मिळाला. केवळ जन्मतारखेवर चालणारा तक्ता दुसरा डोसही त्याच 12 डिसेंबरला देय धरतो आणि दुसऱ्या दिवसापासून तो रकाना लाल दाखवतो. प्रत्यक्षात दोन डोसांमध्ये किमान 28 दिवस जावे लागतात, कारण त्याआधी दिलेल्या डोसाला शरीराचा प्रतिसाद अपुरा राहू शकतो. म्हणून दुसऱ्या डोसाची खरी तारीख 9 जानेवारी 2025, आणि तो त्या दिवशी मिळाला तर तिसऱ्याची 6 फेब्रुवारी. मालिका पहिल्यापासून सुरू करण्याची गरज नसते. जन्मतारीख `B2` मध्ये आणि पहिला डोस दिल्याची तारीख `D2` मध्ये असेल, तर दुसऱ्या डोसाचे सूत्र असे हवे:

```
=IF(D2="","",MAX(B2+70,D2+28))
```

पहिला डोसच झालेला नसेल तर दुसऱ्याचा रकाना रिकामा राहतो, आणि ते योग्यच आहे, कारण अशा मुलाचा राहिलेला डोस एकच असतो, तीन नव्हेत. लाल रकान्यांची संख्या फुगली की खरोखर मागे पडलेले मूल त्या यादीत हरवते. शिवाय लाल रकाना पाहून एखाद्याने त्याच आठवड्यात दुसरा डोस दिला, तर नोंद पूर्ण दिसते आणि मूल मात्र अर्धवट संरक्षित राहते. म्हणून जुनी नोंद तपासताना लागोपाठच्या दोन तारखांतले अंतर 28 पेक्षा कमी कुठे आहे, हे आधी पाहावे.

गोवर-रुबेलाचा पहिला डोस मात्र आठवड्यांनी मोजत नाहीत. त्यासाठी नऊ महिने पूर्ण व्हावे लागतात. आईकडून आलेली प्रतिपिंडे बाळाच्या शरीरात असेपर्यंत लसीचा परिणाम कमी होतो, म्हणून हे वय ठरले. वरच्या मुलाला 270 दिवस मिळवले तर 30 जून 2025 येते, म्हणजे तीन दिवस लवकर. येथे `=EDATE(B2,9)` वापरले की 3 जुलै ही बरोबर तारीख मिळते.

कापडी पिशवीत आणखी एक सोय होती: गाव सोडून गेलेल्यांचा आणि लसीकरण पूर्ण झालेल्यांचा कप्पा वेगळा असे. तक्त्यातही तशीच तिसरी अवस्था लागते. हिपॅटायटिस बीचा जन्मडोस 24 तासांत, पोलिओचा शून्य डोस 15 दिवसांत आणि बीसीजी एक वर्षापर्यंतच दिली जाते. ही मुदत गेल्यावर तो रकाना लाल ठेवला, तर कधीच न देता येणारा डोस प्रत्येक सत्राच्या यादीत पुन्हा येत राहतो. तो करडा करून ‘मुदत संपली’ असे लिहावे लागते.