किल्लारीचा भूकंप धरणामुळे झाला का?

औसा, उमरगा, लोहारा या भागात भूकंपावर बोलायला उभं राहिलं की हा प्रश्न येतोच. त्याआधी बहुधा दुसरा येतो: इतकी माणसं का गेली?

या दुसऱ्या प्रश्नाला ‘असं म्हणतात’ची जोड देऊ नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३.५६ ला, विसर्जन आटोपून गावं झोपली असताना ६.२ तीव्रतेचा धक्का बसला. त्याचं केंद्र फार खोल नव्हतं. घरं मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींची आणि वर मातीचं जड माळवद. दगडांना बांधून ठेवणारं काही नव्हतं, म्हणून भिंती फुटल्या आणि माळवद झोपलेल्यांवर आलं. हे ढिगाऱ्यांत दिसलेलं आहे. इथे ‘कदाचित’ म्हटलं, तर ऐकणारा तशीच भिंत पुन्हा रचायला मोकळा होतो.

धरणाचं तसं नाही. माकणीचा निम्न तेरणा तलाव किल्लारीपासून जवळ आहे. तलावाचं पाणी खडकांच्या भेगांत झिरपलं की तिथला दाब वाढतो, भेगेच्या दोन बाजूंची एकमेकींवरची पकड सैल होते आणि आधीच ताणलेला खडक सरकू शकतो. कोयनेला हे घडतं, हे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. तिथले धक्के तलावाच्या पातळीबरोबर कमी-जास्त होतात. किल्लारीलाही तसंच झालं असावं असं काही भूवैज्ञानिकांचं मत आहे. १९९२ मध्ये तिथे लहान हादरे बसले होते, याकडे ते बोट दाखवतात. इतरांना ते पटत नाही. कोयनेच्या मानाने हा तलाव अगदी उथळ आहे आणि कोयनेसारखी वर्षानुवर्षांची धक्क्यांची मालिका इथे दिसली नाही. त्यामुळे ‘हो’ आणि ‘नाही’ ही दोन्ही उत्तरं खोटी ठरतात. पण ‘काही सांगता येत नाही’ हेही अर्धवटच. भारतीय भूपट्ट उत्तरेकडे ढकलला जात असल्याने खडकात ताण साठलेला होता, यावर दोन्ही बाजूंचं दुमत नाही. भांडण आहे ते शेवटचा धक्का पाण्याने दिला का, एवढ्यावरच. उत्तरात हे दोन तुकडे वेगळे ऐकू आले पाहिजेत.

‘पुन्हा कधी?’ या प्रश्नावर मात्र सूर परत ठाम करायचा: दिवस-वेळ सांगण्याची पद्धत आज कुणाकडेच नाही, तारीख सांगणारा निरोप सरळ पुसून टाका.

आणि एक प्रश्न गवंडी विचारतात: आपला भाग भूकंपाच्या कोणत्या क्षेत्रात येतो? १९९३ मध्ये तो पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात होता. २००२ च्या मानकात पहिलं क्षेत्रच रद्द झालं आणि किल्लारी परिसर तिसऱ्यात आला. दोन्ही उत्तरं आपापल्या वर्षी बरोबर होती. म्हणून क्षेत्र सांगताना कोणत्या वर्षाचं मानक तेही सांगायचं, आणि पाया खणण्याआधी सध्याचं कोणतं हे इंजिनिअरला विचारून घ्यायला सांगायचं.