रामरक्षेतला ‘श’ आणि आडवी पोथी

फोंड्याकडच्या आमच्या घरात बोलणे कोकणी, पण देवासमोर संस्कृत स्तोत्रे आणि मराठी आरत्या. आईने रामरक्षा जुन्या छापील पोथीवरून पाठ केली. आता डोळ्यांना ते अक्षर झेपत नाही, म्हणून फोनवर अ‍ॅप घेतले. पहिल्याच सकाळी ती म्हणाली, ‘‘हें अक्षर आमचें न्हय.’’ बोट ‘शतकोटि’मधल्या ‘श’वर होते.

तिचे चुकले नव्हते. निर्णयसागरसारख्या मुंबईच्या छापखान्यांनी (स्थापना 1869) मराठी वाचकाच्या डोळ्याला पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ यांची सवय लावली. हिंदीत याच अक्षरांची वळणे वेगळी. 1991 मध्ये युनिकोड ही संगणकावरच्या प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी पद्धत आली तेव्हा दोन्ही भाषांच्या ‘श’ला एकच क्रमांक मिळाला, वळण कोणते, हे फाँटवर सोडले. फाँटमध्ये मराठी वळण असले, तरी मजकूर मराठी आहे असे कुणीतरी सांगावे लागते. अ‍ॅपने ते सांगितले नाही, तर हिंदी वळण दिसते. मी फोनचीच भाषा मराठी केली आणि ‘श’ बदलला. प्रत्येक अ‍ॅपमध्ये मात्र हे होत नाही.

काही अ‍ॅप्समध्ये दुखणे आणखी जुने असते. युनिकोड रुळण्याआधी आपल्याकडे मराठी टंकन प्रत्येक कंपनीच्या स्वतंत्र फाँटमध्ये चाले. तो फाँट नसलेल्या ठिकाणी मजकूर नेला की कचरा उमटे, आणि रूपांतर करताना पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटे. मग सोपी वाट म्हणजे पानाचे चित्रच टाकणे. ओळखायचे कसे? शब्दावर बोट दाबून धरा. शब्द निवडला गेला तर तो बहुधा मजकूर. नाहीच निवडला, तर फोनच्या सेटिंग्जमध्ये अक्षर मोठे करून पाहा. तरीही अ‍ॅपमधले तेवढेच राहिले तर ते बहुधा चित्र आहे. चित्र ताणले की कडा धूसर होतात आणि अनुस्वार हरवतो.

अक्षर मोठे केले की नवीच अडचण उभी राहते. ‘चरितं रघुनाथस्य शतकोटिप्रविस्तरम्’ ही सोळा अक्षरांची ओळ, आठ-आठची. उभ्या पडद्यावर ती ‘शतकोटिप्र’पाशी तुटली आणि आईची लय अडखळली. ध्वनिफीत लावली, तर गायक पुढे गेलेला आणि ती अजून ‘विस्तरम्’ शोधतेय.

हस्तलिखित पोथ्या आडव्या असत, हे तेव्हा आठवले. फोन आडवा करून पाटाला टेकवला, अक्षर एक पायरी कमी केले, आवाज बंद केला. ओळ पूर्ण मावली. एका वेळी दोनच श्लोक दिसतात, पान सारखे सरकवावे लागते. ते काम नातवाकडे आहे, आणि तो शाळेच्या घाईत असला की फलश्रुतीपर्यंत थांबत नाही.