वारारोधक झाडांची रोपे : पात्रता, कागदपत्रे आणि रोपांची संख्या

केळीसारख्या पिकाला उन्हाळी वाऱ्यापासून आडोसा द्यायचा असेल, तर शेताभोवती दोन ओळींची झाडे रोजगार हमीतून लावता येतात. अर्ज ग्रामपंचायतीकडे करायचा. अल्पभूधारक, म्हणजे दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेले शेतकरी, अनुसूचित जाती-जमातीची, दारिद्र्यरेषेखालची आणि महिला कुटुंबप्रमुख असलेली कुटुंबे यात बसतात. मात्र कुटुंबाचे जॉबकार्ड हवे.

अर्जासोबत सातबारा, आठ-अ, आधार, बँक पासबुक आणि जॉबकार्डाची प्रत लागते. सातबारा सामाईक असेल तर सहहिस्सेदारांचे संमतिपत्र आधीच घेऊन ठेवा; ते मिळायला अर्जापेक्षा जास्त वेळ जातो. ग्रामसभेची मंजुरी मिळाली की काम आराखड्यात जाते. त्यानंतर अंदाजपत्रक, तांत्रिक व प्रशासकीय मान्यता आणि कार्यारंभ आदेश होतात. खड्डे आदेशानंतरच घ्या, आधी खणलेल्याची मजुरी मागता येत नाही.

गडबड होते ती रोपांच्या आकड्यात. अर्जात नुसते ‘बांधावर लागवड’ लिहिले तर एकच ओळ धरली जाऊ शकते, म्हणून नकाशा काढून जोडा. समजा शेत 100 बाय 100 मीटर आहे. बाहेरची ओळ हद्दीपासून एक मीटर आत घेतली, तर तिचा घेर 392 मीटर. दोन-दोन मीटरवर झाडे धरली की 196 रोपे. आतली ओळ आणखी दोन मीटर आत : घेर 376 मीटर, रोपे 188. एकूण 384. चारही बाजू वेगवेगळ्या मोजल्या तर कोपऱ्यावरची झाडे दोनदा मोजली जातात, म्हणून पूर्ण घेरच धरावा. मरीसाठी दहा टक्के जादा, म्हणजे सुमारे 420 रोपे मागा.

आतल्या ओळीतले झाड बाहेरच्या दोन झाडांच्या मधोमध यावे, नाहीतर फटी समोरासमोर येऊन वारा सरळ आत घुसतो. बाहेर शेवरीसारखी खालपासून भरणारी झाडे घ्या, आत बांबू किंवा कडुनिंबासारखी उंच. बुंध्याजवळ मोकळे राहिले तर तिथून वारा उलट जोरात जातो. भिंतीसारखी गच्च झाडीही नको. ती ओलांडून वारा पलीकडे भोवऱ्यासारखा खाली येतो. झाडांच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत आडोसा मिळतो, म्हणजे पाच मीटर उंचीला पन्नास मीटर. फाटक वाऱ्याच्या बाजूला असेल तर त्याच्यामागे चार-पाच झाडे आडवी लावा.

साग, आंबा, चिंच, जांभूळ ही झाडे पुढे तोडायला परवानगी लागते, हे निवडतानाच लक्षात घ्या. पुढच्या वर्षांची देखभालीची मजुरी जिवंत रोपांच्या टक्केवारीवर ठरते. त्यामुळे मेलेली रोपे त्याच पावसाळ्यात बदला.

जॉबकार्ड नसेल तर सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेतून सरकारी दराने रोपे विकत घेता येतात. मागणी उन्हाळ्यातच नोंदवा. शेवरी आणि बांबू लवकर संपतात.