प्रश्नावलीचे मराठी भाषांतर आणि व्हॅलिडेशन: काम देण्याआधी वाचा

थिसिससाठी प्रश्नावली घेऊन येणारे बरेच जण आमच्याकडे ‘व्हॅलिडेशन सर्टिफिकेट’ मागतात. ते आम्ही देत नाही. आम्ही भाषांतराचे आणि बॅक ट्रान्सलेशनचे प्रमाणपत्र देतो. त्याच्या आधारावर मेथड्समध्ये ‘प्रश्नावली व्हॅलिडेट केली’ असे लिहिले की परीक्षक अडवतात, आणि तोवर डेटा गोळा होऊन गेलेला असतो.

गुडघ्याच्या संधिवातासाठी वापरली जाणारी वोमॅक प्रश्नावली घ्या. तिच्या 24 प्रश्नांपैकी एक बाथटबमध्ये उतरताना-चढताना होणाऱ्या त्रासाबद्दल आहे. ‘टबमध्ये उतरताना व बाहेर येताना’ असे मराठी केले, तर बॅक ट्रान्सलेशन मुळाशी तंतोतंत जुळते. पण पाटावर बसून अंघोळ करणाऱ्या आजी तो प्रश्न कोरा सोडतात. नुसते ‘अंघोळ करताना’ लिहिले, तर पाय उचलून काठ ओलांडण्याची हालचालच निसटते. ही अडचण कागदावर दिसत नाही, पेशंटसमोर दिसते.

म्हणूनच आमचे काम एका माणसावर उरकत नाही आणि दरही थोडा जास्त पडतो. मराठी मातृभाषा असलेले दोघे स्वतंत्रपणे भाषांतर करतात. त्यांतला एक वैद्यकीय विषय जाणणारा, दुसरा त्या क्षेत्राबाहेरचा. दोन्ही मसुद्यांचा एक केला की मूळ प्रश्नावली न पाहिलेले दुसरे दोघे तो इंग्रजीत नेतात. मूळ वाक्य डोक्यात असलेला माणूस नकळत तेच परत लिहितो. मग तुमचे गाईड आणि भाषांतरकार एकत्र बसून मतभेद मिटवतात. शेवटी 30 ते 40 पेशंटना प्रश्नावली भरायला देऊन ‘यातून तुम्हाला काय समजलं?’ असे प्रत्येक प्रश्नाला विचारायचे. हे तुम्ही करायचे. विचारण्याचा तक्ता आम्ही देतो.

मेथड्समध्ये नेमके हेच लिहा: भाषांतरकार किती, कोणत्या पार्श्वभूमीचे, मूळ कोणी पाहिले नव्हते, चाचणी कुठे व किती जणांवर घेतली, कोणता प्रश्न का बदलला.

व्हॅलिडेशन यानंतरचे. प्रकृतीत फरक न पडलेल्या पेशंटकडून एक-दोन आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरून घेणे, दुसऱ्या मान्य मापाशी गुण ताडून पाहणे, क्रॉनबाख अल्फा काढणे. अल्फा 0.7 च्या वर आला की बरेच जण थांबतात. पण त्यातून प्रश्न एकमेकांशी जुळतात एवढेच कळते, ते योग्य गोष्ट मोजतात का हे नाही. एवढा वेळ नसेल तर ‘भाषांतर व सांस्कृतिक अनुकूलन केले’ एवढेच लिहा आणि उरलेले मर्यादांमध्ये नोंदवा. परीक्षकांना ते चालते.

येण्याआधी मूळ हक्कधारकांची लेखी परवानगी घ्या. वोमॅकला ती लागतेच. अधिकृत मराठी आवृत्ती आधीच आहे का, हेही त्यांनाच विचारा. त्या ईमेलचा मसुदा आम्ही विनामूल्य करून देतो. आवृत्ती मिळाली तर तीच वापरा, आमच्याकडून नवे भाषांतर करून घेऊ नका.