दोन डोळ्यांमधले साडेसहा सेंटिमीटर

दृष्टिपटलावर उमटणारी प्रतिमा सपाट असते. प्रकाश दृष्टिपटलाच्या कोणत्या बिंदूवर पडला यावरून वस्तू कोणत्या दिशेला आहे हे मेंदूला कळते, पण त्या दिशेला ती वीस सेंटिमीटरवर आहे की वीस मीटरवर, याची नोंद त्या बिंदूत कुठेही नसते. तरीही आपण समोरचा पेला एका झटक्यात उचलतो. याचाच अर्थ असा की अंतर हे डोळ्यांना थेट दिसत नाही. मेंदू ते काही खुणांवरून काढतो. यातल्या काही खुणांसाठी दोन्ही डोळे लागतात, तर काहींसाठी एकच डोळा पुरतो. घरच्या घरी थोडी काळजी घेऊन प्रयोग केले, तर या दोन प्रकारच्या खुणा एकमेकींपासून वेगळ्या काढता येतात.

पहिला प्रयोग मोजमापाचा आहे. भिंतीपासून बरोबर 3 मीटर अंतरावर बसावे आणि भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला सेंटिमीटरच्या खुणा केलेली कागदाची आडवी पट्टी चिकटवावी. अंगठा डोळ्यांपासून 60 सेंटिमीटरवर उभा धरावा. डावा डोळा मिटून, अंगठा पट्टीवरच्या कोणत्या खुणेसमोर येतो ते पाहावे. मग अंगठा आणि डोके जराही न हलवता उजवा डोळा मिटून पुन्हा पाहावे. अंगठा उडी मारल्यासारखा दुसऱ्या खुणेसमोर जातो. समजा ही उडी 26 सेंटिमीटरची आली. अंगठ्यापासून भिंत 240 सेंटिमीटरवर आहे, म्हणजे डोळे आणि अंगठा यांच्यातील अंतराच्या चौपट लांब. दोन्ही डोळ्यांपासून निघून अंगठ्यावरून भिंतीपर्यंत जाणाऱ्या रेषांमुळे दोन समरूप त्रिकोण तयार होतात, त्यामुळे 26 ला 4 ने भागले की दोन बाहुल्यांमधले अंतर मिळते : 6.5 सेंटिमीटर. बहुतेक प्रौढांमध्ये हे अंतर साडेपाच ते सात सेंटिमीटरच्या दरम्यान असते आणि मुलांमध्ये थोडे कमी भरते. उत्तर चार किंवा नऊ आले, तर डोके सरकले किंवा कोपर वाकले असे समजावे आणि डोके भिंतीला किंवा खुर्चीच्या पाठीला टेकवून प्रयोग पुन्हा करावा.

दोन्ही डोळे उघडे असतात तेव्हा ही दोन्ही दृश्ये मेंदूकडे एकाच वेळी पोहोचतात. एरवी ती एकजीव होऊन जात असल्यामुळे त्यांचे वेगळेपण जाणवत नाही, पण दोन पेन्सिली घेतल्या तर ते उघड होते. एक पेन्सिल चेहऱ्यापासून 25 सेंटिमीटरवर आणि दुसरी तिच्या अगदी मागे 50 सेंटिमीटरवर उभी धरावी. लांबच्या पेन्सिलीवर नजर स्थिर केली की जवळची पेन्सिल दुहेरी आणि काहीशी पारदर्शक दिसू लागते. आता नजर न हलवता उजवा डोळा मिटावा. दुहेरी प्रतिमांपैकी डावीकडची नाहीशी होते, कारण जवळची पेन्सिल उजव्या डोळ्याला लांबच्या पेन्सिलीच्या डावीकडे दिसत होती. याउलट, जवळच्या पेन्सिलीवर नजर ठेवून हेच केले, तर लांबच्या पेन्सिलीची उजवीकडची प्रतिमा जाते. म्हणजे नजर जिथे आहे त्याच्या अलीकडच्या वस्तूंसाठी प्रतिमांची अदलाबदल होते आणि पलीकडच्या वस्तूंसाठी ती होत नाही. वस्तू अलीकडे आहे की पलीकडे हे या अदलाबदलीवरून ठरते आणि ती किती अलीकडे किंवा पलीकडे आहे हे दोन प्रतिमांमधल्या फरकाच्या प्रमाणावरून ठरते. दोन पेन्सिलींचा प्रयोग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण द्विनेत्री खोलीदृष्टीचे गणित त्यात नुसत्या डोळ्यांना दिसते. पुष्कळ प्रयत्न करूनही कोणाला दुहेरी प्रतिमा दिसतच नसतील, तर मेंदू एका डोळ्याकडून आलेली प्रतिमा दाबून टाकत असण्याची शक्यता असते. लहानपणी डोळ्यांत तिरळेपणा असलेल्यांमध्ये असे घडू शकते. अशा वेळी नेत्रतज्ज्ञांकडून तपासणी करून घेणे योग्य.

केवळ हा फरक खोली दिसण्यासाठी पुरेसा आहे, हे इंग्लंडच्या चार्ल्स व्हीटस्टन यांनी 1838 मध्ये दाखवले. त्यांनी एकाच वस्तूची दोन रेखाचित्रे काढली, एक डाव्या डोळ्याला दिसेल तसे आणि दुसरे उजव्या डोळ्याला दिसेल तसे, आणि आरशांच्या मांडणीतून प्रत्येक डोळ्याला त्याचेच चित्र दाखवले. सपाट रेषा उठावदार झाल्या. त्या रेखाचित्रांमध्ये छाया नव्हती, रंगही नव्हता. तरीही एक शंका उरत होती : मेंदू आधी प्रत्येक चित्रातली वस्तू ओळखतो आणि मग त्यांच्यातला फरक मोजतो, असे तर नाही? या शंकेचे उत्तर बेला युलेझ यांनी 1960 मध्ये संगणकाच्या मदतीने दिले. त्यांनी विस्कळीत ठिपक्यांची दोन चित्रे तयार केली. दोन्ही सारखीच होती, फक्त एका चित्रात मधला चौकोनी भाग थोडा बाजूला सरकवलेला होता. एका डोळ्याने पाहिले तर दोन्हींत ठिपक्यांच्या गर्दीशिवाय काहीच दिसत नाही. दोन्ही चित्रे एकत्र पाहिली की मध्ये एक चौकोन हवेत तरंगू लागतो. म्हणजे वस्तू ओळखण्याच्या आधीच मेंदू दोन प्रतिमा ताडून पाहतो. डोक्याच्या मागच्या बाजूला असलेल्या दृष्टिकेंद्रात दोन्ही डोळ्यांचे संदेश एकत्र येतात आणि तिथल्या काही चेतापेशी ठरावीक प्रमाणातल्या फरकालाच प्रतिसाद देतात, हे 1967 मध्ये मांजरांवरील प्रयोगांतून दिसून आले.

आता या पद्धतीची मर्यादा पाहू. एका अंशाचे 3600 भाग केले तर एक भाग म्हणजे एक विकला. दोन प्रतिमांमधला 30 विकलांचा फरक आपल्याला ओळखता येतो असे धरू. अर्ध्या मीटरवर धरलेल्या केसाची जाडी डोळ्याला साधारण एवढाच कोन करते. सराव असलेली माणसे चांगल्या प्रकाशात याहून पुष्कळ लहान फरक ओळखतात, पण हिशेबासाठी 30 पुरे. डोळ्यांमधले अंतर 6.5 सेंटिमीटर धरले, तर अर्ध्या मीटरवर मागेपुढे असलेल्या दोन वस्तूंमधला जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा फरक कळतो. सुईत दोरा ओवता येतो तो यामुळेच. पाच मीटरवर मात्र सुमारे साडेपाच सेंटिमीटरपेक्षा कमी फरक कळत नाही आणि पन्नास मीटरवर ही मर्यादा सुमारे साडेपाच मीटरपर्यंत जाते. अंतर दहापट झाले की चूक शंभरपट होते, कारण प्रतिमांमधला फरक अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. दूरच्या टेकड्यांपैकी पुढची कोणती आणि मागची कोणती हे आपण सहज सांगतो, ते दोन डोळ्यांच्या बळावर नव्हे.

हातभर अंतरावर दुसरा डोळा किती उपयोगी पडतो, हे पेन आणि त्याचे टोपण घेऊन तपासता येते. सहकाऱ्याने बिनटोपणाचे पेन टोक वर करून आपल्यासमोर उभे धरावे आणि प्रत्येक वेळी त्याचे अंतर बदलावे. आपण हात बाजूने आणून टोपण एकाच हालचालीत पेनावर बसवायचा प्रयत्न करावा. दहा वेळा एक डोळा मिटून, दहा वेळा दोन्ही डोळ्यांनी. हा प्रयोग बहुतेक वेळा फसतो तो करण्याच्या पद्धतीमुळे. हात सावकाश नेला, तर टोपण पेनाच्या आड गेले की पेन टोपणाच्या आड गेले हे दिसते आणि त्यावरून हात सुधारून घेता येतो. वस्तूने वस्तू झाकणे ही एका डोळ्याला पुरणारी खूण आहे. दुसरी अडचण अशी की एक डोळा मिटल्यावर माणूस नकळत डोके हलवू लागतो. म्हणून हनुवटी पुस्तकांच्या चळतीवर टेकवावी, हात वेगाने आणावा आणि चुकल्यावर दुरुस्ती न करता तो प्रयत्न फुकट गेला असे धरावे. एवढी काळजी घेतली की एका डोळ्याने केलेले अनेक प्रयत्न पेनाच्या पुढे किंवा मागे जातात.

डोके का हलवले जाते, हेही पाहण्यासारखे आहे. एक डोळा मिटून खिडकीबाहेरच्या मधल्या अंतरावरील एखाद्या वस्तूवर नजर स्थिर ठेवावी आणि डोके सावकाश उजवीकडे न्यावे. नजरेतल्या वस्तूपेक्षा जवळ असलेल्या वस्तू डावीकडे सरकतात, लांब असलेल्या डोक्याबरोबर उजवीकडे जातात. दोन डोळे एकाच क्षणी दोन ठिकाणांहून पाहतात, तर हलणारा एक डोळा तेच काम एकामागून एक करतो, आणि डोके वीसतीस सेंटिमीटर हलवले तर त्या दोन ठिकाणांमधले अंतर डोळ्यांमधल्या अंतराच्या कितीतरी पट होते. एका डोळ्याची दृष्टी गेलेली माणसे सरावाने पुष्कळ कामे अचूक करू शकतात, यामागे डोक्याच्या या हालचालीचा मोठा वाटा आहे.

स्थिर चित्रात मात्र हालचालीची मदत नसते. तिथे वस्तूंचे झाकले जाणे, दूर जाताना जवळ येत जाणाऱ्या समांतर रेषा, ओळखीच्या वस्तूंचे लहानमोठे आकार आणि छाया यांवरच भागवावे लागते. लांब जाणाऱ्या रस्त्याचे किंवा रेल्वेमार्गाचे छायाचित्र घ्यावे. जाड कागदाची नळी करून एका डोळ्याला लावावी, दुसरा डोळा मिटावा आणि छायाचित्राच्या कडा दिसणार नाहीत अशा बेताने त्याकडे काही क्षण स्थिर पाहावे. पुष्कळांना चित्रातली खोली वाढल्यासारखी वाटते. डोळा कमी करून खोली वाढावी हे विचित्र वाटेल, पण कारण सरळ आहे : दोन्ही डोळे उघडे असताना त्यांच्या प्रतिमांमधला फरक मेंदूला सांगत असतो की समोरचे सारे बिंदू एकाच सपाट कागदावर आहेत. एक डोळा मिटला आणि कडा झाकल्या की ही साक्ष निघून जाते व रेषा आणि छाया यांच्या म्हणण्याला विरोध उरत नाही. मध्येच डोके हलवले, तर कागदाचा सपाटपणा पुन्हा जाणवतो.

छायेच्या खुणेमागे मेंदूचे एक गृहीतक असते : प्रकाश वरून येतो. ते तपासायला चंद्रावरच्या विवरांचे छायाचित्र उत्तम. छायाचित्र असे फिरवावे की सूर्यप्रकाश कागदाच्या वरच्या बाजूने येत असेल. प्रत्येक विवराची वरची भिंत काळी आणि खालची उजळ दिसते आणि विवर खोलगट वाटते. आता कागद उलटा करावा. उजळ बाजू वर आली की तीच विवरे बहुतेकांना फुगवट्यांसारखी दिसू लागतात, जरी कागदावरचा एकही ठिपका बदललेला नसला तरी. यासाठी पौर्णिमेच्या चंद्राचे छायाचित्र चालत नाही, कारण तेव्हा सूर्यप्रकाश जवळजवळ आपल्याच दिशेने चंद्रावर पडतो आणि छाया फारशा दिसत नाहीत. अर्ध्या चंद्रावर उजेड आणि अंधार जिथे भेटतात, त्या रेषेजवळचा भाग निवडावा.